अक्षरी रकमेवरचं नख

बँकेच्या मागच्या खोलीत एकच खिडकी होती, आणि ती भिंतीकडे उघडायची. त्या भिंतीवर काय बघायचं? म्हणून त्या खोलीत बसणारी माणसं बघायचं सोडून ऐकायला शिकली असावीत, असं तिला पहिल्या दिवशी वाटलं होतं.

बाळंतपणाची रजा संपवून ती परत आली, तेव्हा तिचं काउंटर दुसऱ्या मुलीला देऊन टाकलेलं होतं. साहेब म्हणाले, "तुला आत टाकतो. चेक तपासणीला. गर्दी नाही, कटकट नाही. लेकुरवाळी आहेस, बरं पडेल." बरं पडेल म्हणजे काय ते तिला आत गेल्यावर कळलं. आत मास्तरीणबाई बसायच्या.

मास्तरीणबाई काही शाळेतल्या नव्हेत. सत्तावीस वर्षं त्याच टेबलाशी चेक तपासत होत्या. पण हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाकडून मोठ्यानं वाचून घ्यायच्या, म्हणून कुणीतरी कधीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. तोंडावर सगळे नुसतं 'बाई' म्हणत. बारीक चण, पांढरे केस घट्ट बांधलेले, आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख तेवढं वाढवलेलं. बाकीची नऊ अगदी मुळापर्यंत कापलेली.

"हे कशाला?" तिनं पहिल्या दिवशी विचारलं.

"नांगर आहे तो," बाई म्हणाल्या. "बस. चष्मा लागलाय का तुला? नाही? मग जास्त सांभाळायला हवं. ज्यांना चांगलं दिसतं, तेच जास्त चुकतात."

काम तसं सांगायला दोन वाक्यांचं. आपल्या खातेदारांनी लोकांना दिलेले चेक दुसऱ्या बँकांतून फिरून इथं येतात. चौकटीतला आकडा यंत्र वाचतं. पण हातानं लिहिलेली अक्षरी रकमेची ओळ माणसानंच वाचायची, आणि दोन लाखांच्या वरचा चेक असेल तर दोन माणसांनी. दोन्ही जुळलं तर चेक पुढे जातो. नाही जुळलं तर 'अंकी व अक्षरी रकमेत फरक' अशी चिठ्ठी लावून, त्याच दिवशी चारच्या आत परत. चार वाजून गेले की पैसे गेले. मग बसा बोंबलत.

पण बाईंची रीत वेगळी होती. त्यांच्याकडे पुठ्ठ्याची एक पट्टी होती, कडा हातानं मऊ झालेली, बरोबर चौकटीवर बसेल एवढी. वाचणाऱ्यानं आधी ती चौकटीवर ठेवायची. मग अक्षरी ओळ मोठ्यानं वाचायची, प्रत्येक शब्दाखाली नख टेकवत. ऐकणाऱ्यानं चेककडे बघायचंच नाही. नुसतं ऐकायचं आणि समोरच्या कागदावर आकडा लिहायचा. तो लिहून झाला, की पट्टी काढायची आणि दोन्ही आकडे शेजारी धरायचे.

"एवढा सोपस्कार?" ती म्हणाली होती. "नुसतं बघितलं तर नाही का कळत?"

बाईंनी एक चेक तिच्यापुढे सरकवला. "वाच."

तिनं पट्टी ठेवली आणि वाचलं, "दोन लाख सहा हजार फक्त."

बाईंनी डोळे मिटूनच घेतले होते. पेन्सिल कागदावर टेकली, उचलली, पुन्हा टेकली. २,०६,०००. "काढ पट्टी."

चौकटीत २,६०,००० होतं.

खरं सांगायचं तर पट्टी ठेवण्याआधी चौकट तिनं ओझरती बघितली होती, आणि तिला काहीसुद्धा खटकलं नव्हतं. तिथं दोन होता, सहा होता, शून्यं होती. सगळी मंडळी हजर, फक्त बसायच्या जागा बदललेल्या.

"बघ," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम देवळात बोलावं तसा खाली आला. "चौकटीत शून्याला घर असतं. अक्षरांत नसतं. पाच लाख सत्तर म्हण."

"पाच लाख सत्तर."

"आता पाच आणि सात यांच्या मधे कोण बसलंय?"

तिनं मनात आकडा मांडला. ५,००,०७०. "तीन शून्यं."

"ऐकू आली?"

"नाही."

"तीन जण बसलेत मुकाट. त्यांच्या जिवावर पाचाचे पाच लाख झालेत, आणि शब्दांत त्यांचं नावसुद्धा नाही. ती न बोलणारी ऐकायची. हेच काम आपलं. बाकी काय, शिक्का तर शिपाईसुद्धा मारतो."

त्या दिवशी घरी जाताना ती बसमध्ये दुकानांच्या पाट्या वाचत गेली आणि प्रत्येक किमतीत मुकाट बसलेली शून्यं मोजत राहिली. दहा वर्षं नोकरी करून आकडा असा कधी दिसलाच नव्हता. रोज चालतो त्या फरशीखाली विहीर आहे, असं कुणी सांगावं, तसं झालं होतं तिला.

पण अचंबा वेगळा आणि जागरण वेगळं. चिंगी आठ महिन्यांची. चिंगीला झोपेचं वावडं. दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी, वाचायची पाळी हिची असताना, पट्टी ठेवायच्या आधीच हिनं चौकट बघितली आणि ओळीवर नख फिरवत चौकटीतलाच आकडा वाचला. मुद्दाम नव्हे हो. डोळ्यानं आकडा आधीच गिळला होता, तोच तोंडातून बाहेर आला. बाईंनी ऐकलं तेच लिहिलं, पट्टी काढली, जुळलं. चेक गठ्ठ्यात गेला. चारला दहा मिनिटं असताना बाईंनी सवयीनं गठ्ठा पुन्हा एकदा चाळला, म्हणून तो सापडला.

बाई काही बोलल्या नाहीत. साहेब मात्र बोलले. "पंधरा दिवस देतो. सोळाव्या दिवशी बाई मला लेखी सांगतील, तू या टेबलाला चालतेस की नाही. नाही म्हणाल्या, तर टेकडीपलीकडच्या शाखेत जागा आहे. तिथं चेक कमी असतात."

टेकडीपलीकडे म्हणजे दोन बस. म्हणजे सकाळी चिंगी उठायच्या आत निघायचं आणि ती झोपल्यावर परत यायचं. म्हणजे लेकीची आई फक्त सुट्टीच्या दिवशी. घरी सांगितलं तेव्हा सासूबाई चिंगीचे कपडे घडी करत म्हणाल्या, "मी आहे की सांभाळायला. पण मी आजी. आईचं काम मला जमेल, आई व्हायला नाही जमायचं." नवरा म्हणाला, "पंधरा दिवस मी उठतो तिच्यासाठी. तू झोप." उठला खरा दोन दिवस. तिसऱ्या दिवशी चिंगी रडत होती आणि तो तिच्याहून मोठ्यानं घोरत होता.

चिंगीला झोपवायची तिची एक रीत होती. मांडीवर आडवं घ्यायचं, गुणगुणायचं आणि पाठीवर थोपटायचं. शब्द कसलेही चालत; एकदा तर दमून तिनं किराण्याची यादीच चालीवर म्हटली होती. पण आवाज आणि हात एका लयीत हवेत. कित्येकदा गुणगुणता गुणगुणता तिचाच डोळा लागे. तोंड आपलं चालूच राही, सवयीनं. हात मात्र थोपटायचा थांबून नुसता पाठीवरून घसरत जाई. त्याच क्षणी चिंगी टक्क डोळे उघडायची. गाणं चालू असताना! आवाजात काही फरक नसताना! आईचं तोंड आहे पण आई गेली, हे त्या मुठीएवढ्या जिवाला हातावरून कळायचं. ती दचकून जागी व्हायची, आणि खालून दोन काळेभोर डोळे तिच्याकडे बघत असायचे, चोर पकडल्यासारखे.

पंधरापैकी चौदा दिवस नीट गेले. तिनं पट्टीशिवाय एका चेकला बोट लावलं नाही. तीन फरक तिनं पकडले, पाच बाईंनी. जेवणाच्या सुट्टीत बाई डब्यातली चतकोर भाकरी तिच्या डब्यात टाकू लागल्या, आणि "खा, दूध कशाचं येणार" म्हणून दटावूही लागल्या. पण अहवालाचं नाव काढलं नाही. विचारायची हिंमत हिचीही झाली नाही.

पंधराव्या दिवशी महिन्याची सुरुवात होती. चेकचा पूर आला होता. सव्वातीनला वाचायची पाळी बाईंची होती. ती भिंतीकडे तोंड करून ऐकत होती, पेन्सिल हातात. बाईंचा आवाज एकसुरी, स्वच्छ. आणि त्या आवाजाखाली नखाचा आवाज. हा तिला हळूहळू ऐकू यायला लागला होता. टक. टक. टक. प्रत्येक शब्दापाशी नख टेकायचं, क्षणभर थांबायचं, पुढच्यावर जायचं. जिन्यावरून म्हातारं माणूस उतरावं तसं, एकेक पायरी.

"गादीवाले," बाई म्हणाल्या. गाद्यांच्या कारखान्याच्या मालकाला सगळी बँक गादीवाले म्हणायची. दर महिन्याला कापसाच्या व्यापाऱ्याला त्यांचा एक चेक जायचा, तोच माणूस, तेच अक्षर, गेली दोन वर्षं. "आठ लाख चाळीस हजार फक्त."

तिनं लिहिलं. ८,४०,०००.

आणि पेन्सिल उचलता उचलता ती थबकली.

टक टक झालं नव्हतं. नख घसरलं होतं. एकच लांब खर्र, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, घसरगुंडीवरून सुटल्यासारखं. आवाज तोच, स्वच्छ, एकसुरी. पण हात कुठेच थांबला नव्हता.

बाई गेल्या, असं तिला वाटलं. बाईंचं तोंड आहे, बाई नाहीत.

बाईंच्या टेबलाचा एक नियम होता. ऐकणाऱ्याला शंका आली तर त्यानं 'पुन्हा' म्हणायचं. कारण सांगायचं नाही, वाचणाऱ्यानं विचारायचंही नाही, मुकाट पुन्हा वाचायचं. बाई तिला दिवसातून दहादा 'पुन्हा' म्हणत. पण बाईंना 'पुन्हा' कुणी म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. आणि उद्या सकाळी अहवाल होता. तिचं एक मन म्हणालं, गप बस. सत्तावीस वर्षं. तुझे चौदा दिवस.

"पुन्हा," ती म्हणाली.

"काय?"

"पुन्हा वाचा, बाई."

बाईंनी नाकातून श्वास सोडला. "आठ लाख चाळीस हजार फक्त." खर्र. आधीपेक्षाही सरळ. पट्टी उचलल्याचा आवाज झाला. "आणि चौकटीतही तेच आहे. आठ चाळीस. तू काय लिहिलंस?"

"आठ चाळीस."

"मग? जुळलं की. चल, पुढचा. पावणेचार होतील."

ती भिंतीकडेच बघत होती. मागं वळून चेक बघितला असता तर चाललं असतं. पण मग तिचाही डोळा तोच आकडा गिळून बसला असता. तिला चिंगीचे डोळे आठवले. त्या डोळ्यांना आई आपल्यावर चिडेल का, उद्या काय होईल, याची काही फिकीर नसायची. हात थांबला, एवढंच त्यांना माहीत असायचं.

"बाई," ती म्हणाली. "उलटं वाचाल? शेवटाकडून?"

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"नाही, आठ महिने नाहीये. पण वाचा."

बाई हसल्या नाहीत. मग नख टेकलं, ओळीच्या दुसऱ्या टोकाला.

टक. "फक्त."

टक. "हजार."

टक. "चा..."

आणि तिथं थांबलं.

ती वळली. बाईंचं बोट त्या शब्दाखाली तसंच होतं. ओळीत निळ्या शाईनं, टपोऱ्या, लहान मुलालाही वाचता यावं अशा अक्षरात लिहिलेलं होतं: आठ लाख चार हजार फक्त.

"चार," बाई म्हणाल्या. अगदी हळू. "चार लिहिलंय. मी चाळीस वाचलं. दोनदा." मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, जणू अक्षर बदलेल. "पट्टी ठेवली होती गं मी. चौकट झाकली होती. पण गादीवाल्याचं नाव कोण झाकणार? सही कोण झाकणार? चोवीस महिने हाच आकडा वाचलाय. कागद बघितला आणि तोंडानं आपला पाठ म्हटला."

दोघी त्या चेककडे बघत राहिल्या. एकाच वाटेवरून रोज जाणाऱ्या माणसाला एक दिवस कळावं की या वळणावर दरी आहे, तसं बघत राहिल्या.

भानावर आल्या त्या बाईच. "किती वाजले?"

"तीन चाळीस."

साहेबांच्या केबिनमध्ये बाई पुढे आणि ती मागे. साहेबांनी चेक उलटसुलट करून बघितला. "अहो, नेहमीचा तर आहे. आठ चाळीस. घाईत चार लिहिलं असेल. जुने ग्राहक, चेक परत पाठवला तर व्यापाऱ्यापुढे नाक कापलं जाईल त्यांचं. जाऊ द्या."

"कायदा अक्षरी रक्कम खरी धरतो, साहेब," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही चौकटीतली देणार? दोन्हींतलं खरं कुठलं, ते ठरवणारे आपण कोण? फरक आहे, म्हणजे परत. तोच आपला नियम. हवं तर त्यांनाच विचारा."

साहेबांनी फोन लावला. गादीवाल्यांचा आवाज इतका खणखणीत की टेबलाच्या अलीकडे ऐकू येत होता. "परत? माझा चेक? अहो, काहीतरी काय! थांबा, बिल काढतो." कपाट उघडल्याचा आवाज, कागदांची खसखस. मग, "अरे देवा."

"काय झालं?"

"या वेळी कापूस ओला निघाला. छत्तीस हजारांचा माल परत केला. आठ लाख चारच द्यायचेत. बिल समोर ठेवून अक्षरं लिहिली मी, बरोबर लिहिली. आणि चौकटीत हातानं आपला नेहमीचा आकडा टाकला. साहेब, अक्षरं डोक्यानं लिहिली हो, आकडा हातानं! कुणी पकडलं हे? गादी पाठवतो त्याला, एक नंबर."

"गाद्या नकोत," साहेब म्हणाले. "नवा चेक लिहा. यावर खाडाखोड चालणार नाही."

"लिहितो, लिहितो. या वेळी हात बांधून लिहितो."

चारला सात मिनिटं कमी असताना चिठ्ठी लागली, शिक्का बसला, चेक परतीच्या गठ्ठ्यात गेला. साहेबांनी कपाळ पुसलं आणि बाईंकडे वळले. "शेवटी तुमच्या नजरेतून काही सुटत नाही, बाई."

ती खाली बघत उभी होती. त्या एका क्षणात तिला समजलं की बाई आता नुसत्या गप्प राहिल्या तरी भागणार आहे.

"सुटलं," बाई म्हणाल्या. "मी चुकले. एकदा नव्हे, दोनदा. हिनं पकडलं, आणि चेक न बघता पकडलं. तुमचा अहवाल उद्या कशाला, आत्ताच घ्या. ही टेबलाला चालेल का, असं विचारलं होतंत ना? हिच्यासमोर मी चालते का, ते विचारा."

साहेबांनी एकदा बाईंकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि टेकडीपलीकडच्या शाखेचा कागद फाईलमधून काढून दुमडून कचऱ्यात टाकला. अशा गोष्टी साहेब लोकांना बोलून दाखवायला जमत नाहीत.

मागच्या खोलीत परत आल्यावर बाई खुर्चीत बसल्या आणि पट्टी हातात घेऊन तिच्या मऊ कडेवरून अंगठा फिरवत राहिल्या. "आता सांग. नियम मोडून विचारते. कसं कळलं तुला?"

तिनं सांगितलं. नखाचं सांगितलं, घसरगुंडीचं सांगितलं. मग चिंगीचंही सांगितलं, थोडं लाजत. बँकेत सांगायची गोष्ट का ही?

बाई ऐकत होत्या, डोळे मिटून, रकमा ऐकायच्या तशाच.

"आठ महिन्यांची म्हणालीस?"

"हो."

"आणि अजून बोलत नाही?"

"नाही. एक अक्षर नाही."

"तेच," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पुन्हा तसाच खाली उतरला, देवळातल्यासारखा. "न बोलणारी ऐकायची, असं मी सत्तावीस वर्षं शिकवतेय. न बोलणारी आपलं सगळं ऐकत असतात, हे मला आज कळलं." मग एकदम डबा उघडून म्हणाल्या, "खा आता. आणि उद्यापासून वाचणाऱ्यानं ओळखीचा चेक आला की उलटाच वाचायचा. लिहून भिंतीवर लाव. अक्षर बरं आहे ना तुझं?"

त्या संध्याकाळी ती उजेड असताना घरी पोचली. सासूबाईंनी चिंगीला तिच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "घे बाई तुझा ऐवज. दिवसभर दाराकडे बघून मान अवघडली माझी आणि तिची पण."

तिनं खिडकीशी बसून लेकीला मांडीवर घेतलं. गुणगुणायला लागली, थोपटायला लागली. डोळ्यांवर झापड होतीच. चौदा दिवसांची थकबाकी एकदम वसुलीला आली होती. आवाज चालत राहिला. हात कधी घसरला, तिला कळलं नाही.

जाग आली तेव्हा खालून दोन डोळे तिच्याकडे बघत होते. रडणं नाही, राग नाही. नुसते बघत होते, पूर्ण जागे.

"पुन्हा?" तिनं विचारलं, आणि हात उचलून, एकेक थाप मोजत, पहिल्यापासून सुरुवात केली.